हत्ती कुणाला द्यायचा होता?

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाआधी मी घरात एक नियम जाहीर केला : नवी खेळणी यायच्या आधी जुन्यातली दहा बाहेर जाणार. मी बँकेत नोकरी करतो, जमा-खर्च जुळला की मला बरं वाटतं. नियमाला नाव मात्र मी ‘देण्याची सवय’ असं दिलं होतं. खरं तर माझ्या डोक्यात देण्याच्या आधी कपाट होतं. बैठकीच्या खोलीतल्या त्या कपाटाचं खालचं दार धड लागत नव्हतं आणि घरी आल्यावर बूट काढेपर्यंत पायाखाली काहीतरी चुरडायचं. वाढदिवसाला वीस-पंचवीस मुलं येणार, म्हणजे तेवढीच पुडकी येणार. ती ठेवायची कुठे, एवढाच माझा प्रश्न होता. त्यावर मी संस्कारांचा कागद गुंडाळला.

तिला समजावून सांगताना मी जे वाक्य वापरलं तेच पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ होतं. मी म्हणालो, “ज्याच्याशी तू खेळत नाहीस ना, ते काढ. आपण गरीब मुलांना देऊ.” तिने ते अगदी शब्दशः घेतलं. एक चाक नसलेली बस, तोंडावर स्केचपेनने मिशा काढलेली बाहुली, डबा हरवलेलं पझल, दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मिळालेल्या आणि त्याच दिवशी बंद पडलेल्या दोन वस्तू असं करत तिने दहाचा आकडा भराभर गाठला. मी शाबासकी दिली. माझं कपाट मोकळं झालं होतं. देणं म्हणजे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या घरी पोचवणं, हा धडा तिने त्या दुपारी माझ्याकडून नीट घेतला आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही.

ती पिशवी आम्ही कामाला येणाऱ्या मावशींना दिली. त्यांची मुलगी आमच्या मुलीपेक्षा वर्षभराने लहान. मावशींना हे हवंय का, असं कुणी विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं असतं हेच आमच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या “चालेल दादा” म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

पुढे कधीतरी शाळेला सुट्टी होती म्हणून मावशी लेकीला बरोबर घेऊन आल्या. तिच्या काखोटीला ती बाहुली होती. ओळखू येऊ नये इतकी बदललेली. मिशा घासून घासून काढलेल्या, त्या जागी गाल जरा पांढुरका पडलेला. केसांच्या दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल दोऱ्याची फुलं, आणि अंगात ब्लाउजच्या उरलेल्या जरीच्या कापडाचा झगा, मागे टिचबटण लावलेला. आमच्याकडे दोन वर्षं पलंगाखाली पडलेली ती वस्तू आता खरोखरची बाहुली झाली होती. आमच्या मुलीने ती पाहिली आणि सरळ हात घातला. “ही माझी आहे.” मावशींच्या मुलीने सोडली नाही. मग मावशीच मध्ये पडल्या. “दे गं, तिचीच आहे ती,” म्हणत त्यांनी स्वतःच्या लेकीच्या हातातून बाहुली सोडवली आणि आमच्या मुलीच्या हातात ठेवली. मी ओरडून ती परत करायला लावली, तर मावशी घेईनात. “राहू द्या दादा, रडतीये ती. हिला मी दुसरी बघीन.” त्या दिवशी बाहुली आमच्याच घरात राहिली. नंतर बायकोने ती मावशींच्या घरी नेऊन दिली, पण तोवर ती मुलगी आमच्या घरी यायचीच बंद झाली होती.

त्या प्रसंगात माझ्या मुलीचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. दिलेली वस्तू परत कधीच आपली होत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या वर्षी ‘दिली’ आणि ‘ठेवायला दिली’ यातला फरक आपोआप कळत नाही. चूक आमची होती आणि ती मावशींच्या बाबतीत जास्त मोठी होती. ज्या माणसाचा पगार आपल्या हातात आहे त्याला आपली जुनी वस्तू नाकारता येत नाही आणि परत मागितली तर अडवताही येत नाही. दोन्ही मुलं रोज समोरासमोर येणार असतील तर घेणाऱ्या मुलीला ते खेळणं कधीच पुरतं आपलं वाटत नाही. आमच्या आजूबाजूच्या बहुतेक घरांतून जुनी खेळणी याच वाटेने जातात. आमच्या घरातून ती वाट आम्ही बंद केली.

पुढच्या वर्षी मी अगदी उलट्या टोकाला गेलो. मोडकं दिलं ही गेल्या वेळची चूक, तर या वेळी आवडतं द्यायचं. तिच्याकडे एक राखाडी कापडी हत्ती होता. एक कान चोखून चोखून कडक झालेला, सोंडेची शिवण दोनदा घातलेली. त्याच्याशिवाय ती झोपायची नाही असं आता राहिलं नव्हतं, पण तो उशीजवळ असायचा. मी म्हटलं, “जे आपल्याला आवडतं ते दिलं तर खरं देणं.” ती म्हणाली, “त्याला रात्री तिथे भीती वाटेल.” मी हसलो आणि त्याला तिथे नवे मित्र मिळतील वगैरे सांगितलं. सहा वर्षांच्या मुलांना हत्ती कापसाचा आहे हे पक्कं माहीत असतं आणि तरी त्याला भीती वाटू शकते हेही तितकंच पक्कं असतं. तिच्या बोलण्यात जी लटकी काळजी होती, तीच दुसऱ्याचा विचार करण्याची खरी सुरुवात होती, आणि मी ती उडवून लावली. शेवटी तिने हत्ती खोक्यात ठेवला. मी तिचा खोक्यासह फोटो काढला, तो घरच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आणि हात जोडलेले आले. माझ्या आईने खूश होऊन नातीला शंभर रुपये दिले. खोकं आम्ही जुनी खेळणी गोळा करणाऱ्या एका ठिकाणी नेऊन दिलं. तिथून ती पुढे कुठे जातात हे आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर खेळणी घरातल्या घरात नाहीशी व्हायला लागली. एक छोटी गाडी दप्तराच्या तळाशी सापडली, ससा वॉशिंग मशीनच्या मागे, डॉक्टरच्या सेटमधला स्टेथोस्कोप गाद्यांच्या कपाटात. आधी आम्हाला तो खेळ वाटला. मग एकदा बायको पुढच्या वाढदिवसाचं काहीतरी बोलत होती, तर ही म्हणाली, “मला नकोच वाढदिवस.” का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मग परत द्यायला लागेल.” बायकोने माझ्याकडे बघितलं. हत्ती परत आणता येतो का हे पाहायला मी त्या ठिकाणी जाऊन आलो, पण खोकी केव्हाच पुढे गेली होती.

तेव्हा मी जरा वाचायला लागलो आणि माझ्या दोन्ही वर्षांचा पंचनामा एका प्रयोगात सापडला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्नीर यांचा हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन-चार वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवला, ‘डॉगी’ नावाचा कुत्रा, आणि प्रत्येकाला एक स्टिकर दिलं. काही मुलांना सांगितलं, हे स्टिकर डॉगीला दे किंवा स्वतःकडे ठेव. काहींना सांगितलं, डॉगीला दे नाहीतर बाजूला ठेवून दे, म्हणजे त्यांना स्वतःला ते मिळणारच नव्हतं. तिसऱ्या गटाला सांगितलं, डॉगीला द्यायचंच. मग आणखी एक उदास बाहुली आली, एली. आता मुलांकडे तीन स्टिकर्स होती आणि किती द्यायची ते त्यांनी ठरवायचं होतं. एलीला सगळ्यांत जास्त दिलं ते पहिल्या गटातल्या मुलांनी, ज्यांना आधी स्वतःकडे ठेवायची मुभा असूनही द्यायचा पर्याय निवडता आला होता.

माझी पाचव्या वर्षीची पिशवी हा दुसरा गट होता. मोडकी बस दिली काय आणि टाकली काय, तिचं काहीच जात नव्हतं. हत्ती हा तिसरा गट. तिथे जात होतं पुष्कळ, पण ठरवलं होतं मी. ठेवून घेता येत असतानाही देणं, हा पहिला गट आमच्या घरात आलाच नव्हता. स्टिकर आणि हत्ती यांत अंतर आहे आणि एका प्रयोगावर घर चालत नाही हे मला कळतं. पण आपण कुठे घसरलो ते दाखवायला तो पुरेसा होता.

आईच्या शंभर रुपयांचंही उत्तर अशाच एका अभ्यासात आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता. मोठ्या माणसाची पडलेली वस्तू उचलून दिली की काही बाळांना खेळणं बक्षीस मिळायचं, काहींना नुसती शाबासकी आणि काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर बक्षीसवाली बाळं इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली. शाबासकीने मात्र तिथे नुकसान झालेलं दिसलं नाही. हे वाचून मी जरा निश्वास टाकला. तोंडभरून कौतुक करायची आमच्या घरची सवय सुटणारी नाही. पैसे मात्र बंद झाले, फोटोही बंद झाला.

तिसऱ्या वर्षी आम्ही आधी मुलीला काही विचारलंच नाही. मी एकटा जवळच्या वस्तीतल्या अंगणवाडीत गेलो. 1975 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या बालविकास योजनेतली ही अंगणवाडी, एका खोलीची, भिंतीवर वजनाचे तक्ते, कोपऱ्यात शिजवलेल्या खिचडीचा वास. तिथल्या ताईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी आधी काय नको ते सांगितलं, आणि ते ऐकताना माझी जुनी पिशवी आणि खोकं, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढून गेली.

“रिमोटची गाडी नको,” त्या म्हणाल्या. “पंचवीस पोरं आणि गाडी एक. दिवसभर मी भांडणं सोडवू का शिकवू? आणि सेल संपले की ते कोण आणणार?” अर्धं पझल नको, कारण मूल शेवटचा तुकडा शोधत बसतं आणि आपल्यालाच जमलं नाही असं त्याला वाटतं. मऊ टेडी एकदोन ठीक, पण पावसाळ्यात ते वाळत नाहीत आणि वास मारतात. बारीक तुकड्यांचं काहीच नको. तीन ते सहा वर्षांची मुलं त्यांच्याकडे बसतात हे खरं, पण वजनाला आणि लसीकरणाला आया तान्ह्यांना घेऊन येतात, धाकटी भावंडं जमिनीवर रांगत असतात आणि जे दिसेल ते तोंडात जातं. मग हवं काय? मोठे ठोकळे, जितके जास्त तितके चांगले, एकाच जातीचे. चेंडू. ओवायला मोठे मणी. भातुकली, “पण पुरती द्या, चार जणी बसल्या की चौघींना कप पाहिजे.” आणि मराठी चित्रांची पुस्तकं, पानं फाटलेली नसतील तर.

वाढदिवसाला तीनेक आठवडे असताना मी ही गोष्ट घरात मांडली. गरीब मुलं हा शब्द वापरला नाही. त्या खोलीत कोण येतं, काय करतात, ताईंना काय हवंय तेवढं सांगितलं. तुझ्याकडे यातलं काही असेल आणि तुला द्यावंसं वाटलं तर दे, नाहीतर राहू दे. नवी खेळणी त्यावर अवलंबून नाहीत, ती येणारच आहेत. शेवटचं वाक्य तिने मला परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, “आणि तू काय देणार?”

हे मी धरलंच नव्हतं. बऱ्याच विचाराने मी माझा कॉलेजातला बुद्धिबळाचा पट काढला. तिने सोंगट्या मांडल्या, एक प्यादं कमी निघालं. “हे तुटकं आहे, हे नाही चालणार,” ती म्हणाली. ताईंचा नियम तिने माझ्यावरच चालवला. शेवटी माझ्याकडून गेला तो रबरी बॉल, चांगला, त्याच महिन्यात मी स्वतःसाठी आणलेला. तो देताना मला जरा जड गेलं, आणि ते लपवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, म्हणून तसं बोलूनही दाखवलं.

मग काम सुरू झालं, आणि या कामात मुलं किती रमतात हे मला माहीत नव्हतं. पझल द्यायचं तर ते आधी पूर्ण लावून बघायचं. चोवीस तुकड्यांचं शेतावरचं चित्र लावलं तर गाईच्या पाठीत भोक निघालं, ते बाद. जंगलाचं पुरतं निघालं, ते तिने जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून नाडीने बांधलं आणि वर चित्र काढलं, म्हणजे आत काय आहे ते कळावं. भातुकलीत पाच कप आणि सहा बश्या होत्या. ती बराच वेळ बसली आणि मग एक बशी काढून स्वतःकडे ठेवली, “पाच-पाच.” ठोकळे कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळवले. गाणी वाजवणारं एक पुस्तक तिला द्यायचं होतं, ते मात्र मी अडवलं. त्याच्या मागच्या झाकणाचा स्क्रू पडला होता आणि आत बटणाएवढे चपटे सेल होते. असा सेल बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सेल काढून ई-कचऱ्याच्या पेटीत टाकले. मोडक्या बसेसचं आणि फुटक्या वस्तूंचं तर आम्ही वेगळंच केलंय. त्या दिवाळीच्या साफसफाईत जातात आणि ते काम देण्याच्या कामात आता मिसळत नाही.

निवडलेल्या वस्तू लगेच नेल्या नाहीत. त्या एका खोक्यात भरून उघड्या तोंडाने तिच्याच खोलीत ठेवल्या, वाढदिवस होऊन जाईपर्यंत. त्यातून काही परत काढायचं असेल तर कुणाला न विचारता काढायचं. तिने जंगलाचं पझल काढून घेतलं, दोन दिवसांनी परत ठेवलं, पुन्हा काढलं. ते शेवटी राहिलं तिच्याकडेच. ठोकळे, भातुकली आणि दोन पुस्तकं मात्र खोक्यात राहिली. परत काढायची मुभा ठेवणं मला सगळ्यांत अवघड गेलं. हात शिवशिवत होते, झाकण चिकटपट्टीने बंद करावंसं वाटत होतं.

ताईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, की वाढदिवसाच्या फ्रॉकमध्ये मुलीला आणून हातोहात वाटायला लावू नका. पोरं ओळीत उभी राहतात आणि नंतर मला त्रास होतो, त्या म्हणाल्या. म्हणून मी खोकं आधी एकटा नेऊन दिलं. मग एका साध्या दिवशी मुलगी तिथे खेळायला गेली. तिच्या भातुकलीतलं पातेलं एका मुलाने डोक्यावर घातलं होतं आणि दुसरा त्यावर झाऱ्याने वाजवत होता. “असं नसतं खेळायचं,” ती कडक आवाजात म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने पाहतो तर दुसरं पातेलं हिच्या डोक्यावर.

या वर्षी तिने काहीच दिलं नाही. खोकं मांडून ठेवलं, ताईंनी पाठवलेली यादी वाचून दाखवली, तिने पुस्तक ठेवलं आणि वाढदिवसाच्या आत काढून घेतलं. मी एकदा बोलून गेलो की मागच्या वर्षी किती छान दिलं होतंस, आणि लगेच जीभ चावली. माझ्या आईला हे मुळीच पटलेलं नाही. तिचं म्हणणं, आम्ही पाच भावंडं, खेळणं वरून खाली जायचं, कुणी कुणाला विचारत नव्हतं आणि आमच्यातला कुणी कंजूष निघाला नाही. तुम्ही पोरीला विचारत बसा. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी एवढंच म्हणालो, की तुझी बाहुली धाकटीकडे गेली तरी ती त्याच घरात होती, तुला दिसत होती. आई म्हणाली, “दिसत होती म्हणूनच तर रोज मारामारी व्हायची.” आणि नातीसाठी आणलेलं नवं पुडकं तिने टेबलावर ठेवलं.